विषम आकारातलं शून्य

«सर, तीन बाय तीन स्क्यू-सिमेट्रिक मॅट्रिक्सचं डिटरमिनंट दरवेळी शून्यच का येतं? सिद्धता पाठ आहे, पण आत नेमकं काय घडतं?»

सिद्धता खरोखरच एका ओळीची आहे. ट्रान्सपोज घेतल्याने डिटरमिनंट बदलत नाही, आणि इथे ट्रान्सपोज म्हणजेच `-A`. प्रत्येक ओळीतलं उणे चिन्ह बाहेर काढलं की `det(A) = (-1)^n det(A)`. n विषम असेल, तर ही संख्या स्वतःच्याच उण्याइतकी होते, म्हणून शून्य. परीक्षेत एवढ्यावर पूर्ण गुण मिळतात, आणि माझ्या मते तिथेच घोटाळा होतो. डिटरमिनंट शून्य याचा अर्थ, शून्य नसलेला कुठला तरी व्हेक्टर या मॅट्रिक्सने गुणल्यावर शून्य होतो. तो व्हेक्टर कोणता, हे सिद्धता सांगतच नाही.

म्हणून एक मॅट्रिक्स घेऊ:

```
 0  -3   2
 3   0  -1
-2   1   0
```

हिने (1, 2, 3) ला गुणून बघा. पहिल्या ओळीत -6 + 6, दुसरीत 3 - 3, तिसरीत -2 + 2. सगळी शून्यं. हा योगायोग नाही, कारण या मॅट्रिक्समध्ये 1, 2, 3 हेच आकडे चिन्हं बदलून बसले आहेत. कुठल्याही r ला या मॅट्रिक्सने गुणणं म्हणजे (1, 2, 3) आणि r यांचा क्रॉस प्रॉडक्ट घेणं. बारावीच्या फिजिक्समधलं `v = ω × r` आठवा: वस्तू ω या अक्षाभोवती फिरते आहे आणि मॅट्रिक्स प्रत्येक बिंदूचा वेग सांगते. अक्षावरचा बिंदू जागचा हलत नाही, त्याचा वेग शून्य. तुमच्या डिटरमिनंटचं शून्य तिथून येतं.

आता आयगेनव्हॅल्यू. कुठल्याही रिअल x साठी `xᵀAx` ही एक साधी संख्या आहे. तिचा ट्रान्सपोज तीच संख्या, पण A मुळे चिन्ह उलटतं, म्हणून ती शून्य. म्हणजे Ax नेहमी x ला काटकोनात असतो. वेग कधीच बिंदूला अक्षापासून बाहेर किंवा आत ओढत नाही, फक्त फिरवतो. मग एखादी रिअल दिशा ताणली जाणार कशी? रिअल आयगेनव्हॅल्यू असलीच तर ती शून्यच. x कॉम्प्लेक्स असेल, तर ट्रान्सपोजसोबत कॉन्जुगेटही घ्यायचा. तेव्हा λ चा कॉन्जुगेट -λ निघतो, म्हणजे रिअल भाग शून्य. आपल्या मॅट्रिक्सचं समीकरण `λ³ + 14λ = 0` आहे. उत्तरं 0 आणि ±i√14. हे 14 म्हणजे 1 + 4 + 9, आणि √14 हा फिरण्याचा कोनीय वेग.

मॅट्रिक्स रिअल आहे, म्हणून शून्य नसलेली प्रत्येक आयगेनव्हॅल्यू आपल्या कॉन्जुगेटसोबत जोडीनेच येते, आणि प्रत्येक जोडी एका प्रतलातलं फिरणं दाखवते. फुगडीसारखंच हे: दोघी हात धरून फिरतात, आणि बायकांची संख्या विषम असेल तर निदान एक तरी उभी राहते. पाच बाय पाच असो की सात बाय सात, ती एकटी उरलेली म्हणजे λ = 0. डिटरमिनंट हा सगळ्या आयगेनव्हॅल्यूंचा गुणाकार, त्यामुळे तोही शून्य.

सम आकारात ही सक्ती नाही. दोन बाय दोनमध्ये कोपऱ्यांत a आणि -a असले, की डिटरमिनंट a². प्रतलात फिरताना प्रतलातली कुठलीच दिशा अक्ष नसते. चार बाय चारमध्येही ते पूर्ण वर्गच येतं, म्हणून ऋण कधीच नाही. शून्य मात्र येऊ शकतं.

इथे विद्यार्थी बऱ्याचदा दोन्ही गोष्टी एकत्र करतात. घटक कॉम्प्लेक्स असले तरी विषम आकाराचं डिटरमिनंट शून्यच राहतं, कारण त्या सिद्धतेत कॉन्जुगेट कुठेच नाही. आयगेनव्हॅल्यूचा नियम मात्र मोडतो. कोपऱ्यांत i आणि -i ठेवा, कर्णावर शून्य. मॅट्रिक्स स्क्यू-सिमेट्रिक आहे, पण आयगेनव्हॅल्यू 1 आणि -1. संख्याच मॉड्युलो 2 घेतल्या, तर पहिली सिद्धताही कोसळते: तिथे 1 आणि -1 एकच, त्यामुळे [1] ही एक बाय एक मॅट्रिक्स स्क्यू-सिमेट्रिक ठरते आणि तिचं डिटरमिनंट 1 असतं.

संगणकावर `np.linalg.eigvals(A)` चालवलंत, तर शून्याऐवजी 1e-16 सारखा रिअल भाग दिसू शकतो. ती राउंडिंगची धूळ आहे. `1j*A` हर्मिशियन असते, म्हणून हे वापरा:

```python
np.linalg.eigvalsh(1j*A)
```

उत्तरं रिअल येतील, साधारण -3.74, 0 आणि 3.74. त्यांना `-1j` ने गुणलं की A च्या आयगेनव्हॅल्यू मिळतात, आणि रिअल भागाची ती धूळ येत नाही.