पंचकोनातला एक मिलिमीटर

एलिमेंटरी ड्रॉइंगच्या चार पेपरांपैकी कर्तव्यभूमिती व अक्षरलेखनाच्या पेपराला मुलं सगळ्यात कमी घाबरतात. वस्तुचित्रात हात चालावा लागतो, संकल्पचित्रात काही सुचावं लागतं. भूमितीत पायऱ्या पाठ केल्या की काम झालं, असा त्यांचा हिशेब. गणपती झाले की मी या पेपराचा सराव घेते. त्या वर्षी सराव पेपरात पहिलाच प्रश्न घातला होता : ‘4 सेमी बाजूवर सुसम पंचकोन काढा. रचनेच्या रेषा पुसू नका.’

पेपर सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. खिडकीजवळची एक मुलगी हात वर करून म्हणाली, “बाई, माझी शेवटची बाजू लहान पडतेय.” दोनदा खोडून कागद तिथे खरवडल्यासारखा झाला होता. अशी तक्रार आली की मी आधी कंपास हातात घेते. स्क्रू सैल असला तर कंस ओढता ओढता त्रिज्या बदलते; शिसं बोथट असलं तर रेषाच अर्ध्या मिलिमीटरची होते; एकाच बिंदूवर टोक परत परत रोवलं की भोक मोठं होऊन केंद्र हलतं. हिच्या कंपासात यातलं काहीच नव्हतं. शिसंसुद्धा पॉलिश पेपरवर घासून धारदार केलेलं. मग मी तिला म्हटलं, “पायरीपायरीने सांग, आणि प्रत्येक पायरी का केलीस तेही सांग.”

तिने 4 सेमीची रेषा अब काढली होती. अ वर टोक ठेवून अब एवढ्याच त्रिज्येने वर आणि खाली कंस, तसेच ब वरून. दोन्ही छेदनबिंदू जोडले की लंबदुभाजक मिळतो. का? तर कंसांची त्रिज्या एकच असल्यामुळे ते दोन्ही बिंदू अ आणि ब पासून सारख्या अंतरावर आहेत. सुसम बहुभुजाचं केंद्रही अ आणि ब पासून सारख्याच अंतरावर असतं, म्हणजे ते याच रेषेवर कुठेतरी असणार. आता प्रश्न फक्त किती उंचीवर, एवढाच उरतो. अर्ध्याहून जास्त कोणतीही त्रिज्या इथे चालते, पण पूर्ण अब घेतली की वरचा छेदनबिंदू समभुज त्रिकोणाचा शिरोबिंदू होतो. सुसम षटकोन अशाच सहा त्रिकोणांचा बनतो, म्हणून तो बिंदू षटकोनाचं केंद्र. त्याला 6 म्हणायचं.

पुढे अब चा मध्य म केंद्र धरून मअ त्रिज्येने अर्धवर्तुळ काढायचं. ते दुभाजकाला जिथे छेदतं तो बिंदू 4, कारण चौरसाचं केंद्र बाजूपासून अर्ध्या बाजूइतकं वर असतं. इथवर तिने कारणं धडाधड सांगितली. मग 4 आणि 6 यांच्या मधोमध 5. हे अंतरही तिने पट्टीने न मोजता कंपासनेच दुभागलं होतं. मी विचारलं, “मधोमध का?” ती थोडा वेळ कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “कारण 4 आणि 6 च्या मध्ये 5 येतो.”

खरं तर त्या पायरीला याहून चांगलं कारण नाहीच. चौरसाचं केंद्र बाजूपासून 2 सेमी वर आहे, षटकोनाचं 3.46 सेमी. मधोमध घेतलं की 2.73 सेमी येतात. पण 4 सेमी बाजूच्या पंचकोनाचं खरं केंद्र 2.75 सेमीवर असतं. बाजूंची संख्या एकेकाने वाढते तसं केंद्र वर सरकतं हे खरं, पण सारख्या टप्प्यांनी नाही : चारावरून पाचावर जाताना साडेसात मिलिमीटर, पाचावरून सहावर जाताना सातच्या जरा वर. आधीचा टप्पा मोठा असल्यामुळे मधोमध घेतलेला 5 खऱ्यापेक्षा किंचित खाली राहतो. हा फरक मिलिमीटरचा पाचवा भाग, टोकदार पेन्सिलीच्या रेषेएवढा.

मग शेवटच्या पायरीत एवढं काय बिघडतं? 5 केंद्र धरून 5अ त्रिज्येने वर्तुळ काढायचं. 5 दुभाजकावर असल्यामुळे ते ब मधूनही जातं. ब पासून सुरू करून 4 सेमीच्या जीवा एकापुढे एक मांडत जायचं. समान जीवा केंद्राशी समान कोन करतात, म्हणून बाजू सारख्या येतात. पण केंद्र खाली राहिलं की वर्तुळही लहान झालेलं असतं. त्या वर्तुळात 4 सेमीची जीवा 72 अंशांऐवजी 72.4 अंश व्यापते. अब धरून अशा चार जीवा झाल्या की पाचवीसाठी 70.4 अंशच उरतात, आणि ती बाजू 4 च्या ऐवजी 3.9 सेमी होते. म्हणजे मुलीचा हात बरोबर होता. एक मिलिमीटर रीतच खात होती.

ही रीत अंदाजी आहे हे मला माहीत होतं. तरी उत्सुकता म्हणून डिव्हायडर 4 सेमीवर लावला आणि पेपर सुटल्यावर सगळे कागद घेऊन बसले. बहुतेकांचा पंचकोन डोळ्यांना बंद झालेला दिसत होता. डिव्हायडर लावला की चार बाजू बरोबर आणि शेवटची आखूड. कुणी शेवटची रेष जाड करून फट झाकली होती, कुणी शेवटचा कंस बिंदूवर न नेता आधीच थांबवला होता. चूक हाताची असती तर काहींची शेवटची बाजू आखूड आली असती, काहींची लांब. इथे मात्र सगळ्यांची आखूडच. हात आणि रीत यांतला दोष ओळखायची याहून सोपी खूण मला तरी ठाऊक नाही.

एका मुलाचा पंचकोन मात्र अगदी चोख निघाला. कंस सगळे होते, पण ते त्याच्या शिरोबिंदूंतून जातच नव्हते. आणि कागद तिरका धरल्यावर अ आणि ब पासून बाहेर पेन्सिलीचे दोन फिकट ठिपके दिसले. कोनमापकाने 108 अंश लावून आकृती आधी काढली होती आणि कंस नंतर शोभेला घातले होते. आकृती अचूक, पण रचना खोटी. मार्क कापले.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांकडून फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास आणला आणि पंचकोनाची दुसरी रीत काढून दाखवली. तिच्यात केंद्र शोधायचंच नाही. शोधायचा तो पंचकोनाचा कर्ण. सुसम पंचकोनात दोन कर्ण एकमेकांना छेदतात तेव्हा प्रत्येकाचा मोठा तुकडा बाजूइतका असतो, आणि उरलेला लहान तुकडा बाजूच्या मानाने तेवढाच लहान असतो जेवढी बाजू कर्णाच्या मानाने लहान. म्हणजे कर्ण गुणिले (कर्ण वजा बाजू) बरोबर बाजूचा वर्ग. एवढं साधणारी लांबी कंपासने मिळवायची.

रेषा अब ब च्या पुढे वाढवली. ब च्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर खुणा करून, त्यांवरून कंस मारून ब वर लंब उभा केला आणि त्यावर अब एवढं अंतर घेऊन प बिंदू मिळवला. मग अब चा मध्य म केंद्र धरून मप त्रिज्येने कंस काढला. तो वाढवलेल्या रेषेला फ मध्ये छेदतो. अफ हाच कर्ण. कारण पायथागोरसचं आहे : मब आणि बप यांच्या वर्गांची बेरीज म्हणजे मप चा वर्ग, आणि मफ तेवढीच आहे. म्हणून मफ च्या वर्गातून मब चा वर्ग वजा केला की अब चा वर्ग उरतो. ती वजाबाकी म्हणजेच अफ गुणिले बफ. अफ हा कर्ण मानला तर बफ म्हणजे कर्ण वजा बाजू. हवं होतं नेमकं तेच.

पुढे सोपं आहे. अफ त्रिज्येने अ वरून आणि ब वरून कंस मारले की माथ्याचा बिंदू ड मिळतो, कारण माथा दोन्हींपासून एकेका कर्णावर असतो. नंतर अब त्रिज्येने ब आणि ड वरून कंस मारून क, आणि अ आणि ड वरून मारून इ. पाचही बाजू कंपासच्या एकाच उघडीने ठरल्या, म्हणून शेवटी उरेल अशी बाजूच नाही. ताळा हवा असेल तर इक मोजायची. ती अफ इतकीच, 6.47 सेमीच्या आसपास यायला हवी. खिडकीजवळच्या मुलीने ती रचना तिथल्या तिथे करून इक वर डिव्हायडर लावला. तो बसला.

मागून एकाने विचारलं, “बाई, सप्तकोनाचीही अशी अचूक रीत असेल ना?” नाही. कंपास आणि साधी पट्टी एवढ्यावर कोणते सुसम बहुभुज निघतात याचा नियम गाउसने 1801 साली मांडला. त्यात न बसणारे निघूच शकत नाहीत हे 1837 मध्ये वांत्सेलने सिद्ध केलं. सात त्यात बसत नाही. म्हणून सप्तकोनाला तीच अंदाजी रीत वापरायची : 4 ते 5 हे अंतर 6 च्या वर घेऊन 7 मिळवायचा. इथे चूक उलटी होते. पुढचा टप्पा आणखी लहान असायला हवा असताना आपण तोच घेतो, त्यामुळे केंद्र वर जातं, वर्तुळ मोठं होतं आणि 4 सेमीच्या सहा बाजूंनंतर सातवी सव्वाचार सेमीच्या जवळ येते. पंचकोनाची आखूड, सप्तकोनाची लांब. कुणाची याउलट आली तर मात्र कंपास तपासायचा.

“मग पेपरात काय करू?” हा खिडकीजवळचाच प्रश्न. पंचकोन असेल तर दुसरी रीत कर, असं सांगितलं. तिच्यात कंसही फारसे जास्त नाहीत. सप्तकोन असेल तर एकाच दिशेने फिरत जायचं नाही. अ कडून दोन जीवा, ब कडून दोन जीवा घ्यायच्या आणि माथ्याचा बिंदू वर्तुळ आणि लंबदुभाजक छेदतात तिथे धरायचा. चूक तशीच राहते, पण दोन बाजूंत वाटली जाते. मग एकट्या बाजूवर दोन मिलिमीटरहून जास्त चढत नाहीत, माथ्याच्या दोन्ही बाजू एकेक मिलिमीटरने लांब होतात आणि आकृती दुभाजकाच्या दोन्हीकडे सारखी दिसते. आकृती पक्की करताना मात्र सातही बाजू एकाच जाडीने ओढायच्या, आणि फट दिसलीच तर तिथे शिसं घासत बसायचं नाही.