144 चे 240 झाले

नवी डायरी बाजारात आणायची म्हणून आज हिशेब मांडून बसलो. विक्री किंमत 250. कागद, छपाई, बांधणी आणि पॅकिंग मिळून एका डायरीमागे 125. म्हणजे प्रत्येक डायरीमागे 125 उरणार. डिझाइन, साचा, फोटो असा एकदाच होणारा खर्च 18,000. भागिले 125, म्हणजे 144 डायऱ्या विकल्या की ना नफा ना तोटा. खूश!

बायकोने विचारलं, "दुकानदाराचं कमिशन धरलंस का?" नव्हतं धरलं. ते 20 टक्के, म्हणजे डायरीमागे 50. ही रक्कम प्रत्येक विक्रीबरोबर जाते, म्हणून ती 18,000 मध्ये मिळवायची नसते, उरणाऱ्या रकमेतून वजा करायची असते. उरले 75, आणि 144 चे 240 झाले.

मग सुरुवातीला 10 टक्के सूट द्यायचा माझा लाडका बेत तपासला. किंमत 225, कमिशन 45, उरतात 55. आता 328 विकाव्या लागतात, आणि मी छापणार फक्त 300! सगळ्या खपल्या तरी 1,500 खिशातून.

सूट रद्द. 300 पैकी 240 खपतील का, हे उद्या दोन दुकानदारांना विचारून बघतो.