थर्मोस्टॅटचा सेन्सर रुमालात गुंडाळला तेव्हा

कंट्रोल सिस्टिम शिकवताना खोलीच्या थर्मोस्टॅटचं उदाहरण सगळेच देतात, माझ्याही स्लाइड्समध्ये तेच आहे. पहिल्या स्लाइडवर फीडबॅक, मग ट्रान्सफर फंक्शन, मग स्टॅबिलिटी. पण जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळच्या जादा तासाला निपाणीकडच्या एका पोरानं असा प्रश्न विचारला की पुढच्या स्लाइड्स तशाच राहिल्या आणि आम्ही सगळे उठून लॅबला लागून असलेल्या छोट्या खोलीत गेलो.

त्या तासाला बहुतेक पोरं मराठी माध्यमातनं आलेली असतात, खानापूर, निपाणी, बेळगावची उपनगरं, दोघं-तिघं तर रोज चंदगडहून येतात. स्लाइड इंग्रजीत, बोलणं मराठीत, मधेच एखाद्याला कन्नडमधनं सांगायचं, असं चालतं. आणि आपल्याकडं भिंतीवरचा हीटिंगचा थर्मोस्टॅट कुणी बघितलेला नसतो, त्यामुळं आधी सांगावं लागतं की बाबांनो बाहेर १७ डिग्री आहे, खोलीत २७ पाहिजे, हीटर १५०० वॅटचा आहे आणि तो सतत चालू ठेवला तर ही खोली बाहेरपेक्षा १५ डिग्रीनं गरम होते. म्हणजे दर १०० वॅटला १ डिग्री. हे झालं खोलीचं गेन. किती वेळ लागतो हेही पाहिजे, त्याला टाइम कॉन्स्टंट म्हणायचं, हीटर लावल्यापासून शेवटच्या वाढीच्या ६३ टक्के गाठायला लागणारा वेळ. १५ चे ६३ टक्के म्हणजे साधारण साडेनऊ डिग्री, आमच्या त्या खोलीला त्याला २० मिनिटं लागतात. या दोन आकड्यांत खोली संपली, ट्रान्सफर फंक्शन म्हणजे एवढंच, की आत वॅट घातले तर बाहेर डिग्री किती आणि किती सावकाश येतात.

मग फीडबॅक. जितकी डिग्री कमी तितके वॅट जास्त, असा साधा प्रपोर्शनल कंट्रोलर घेतला. दर डिग्री चुकीला ३०० वॅट दिले, म्हणजे खोलीच्या हिशेबानं ३ डिग्रीचे वॅट, तर लूप गेन ३. खोली कुठं थांबेल? १० डिग्री वाढ पाहिजे होती, मिळते १० गुणिले ३ भागिले ४, म्हणजे साडेसात. खोली २४.५ वर थांबते. ताळा करून बघा, चूक अडीच डिग्री, गुणिले ३०० म्हणजे ७५० वॅट, आणि ७५० वॅटला साडेसात डिग्री, बरोबर बसलं. इथं पोरांना पहिल्यांदा कळतं की नुसत्या प्रपोर्शनलला २७ गाठताच येत नाही, कारण चूक शून्य झाली तर हीटरही शून्य होणार. गेन ९ केला तर २६, गेन २५ केला तर २६.६. आणि लूप गेनला K म्हटलं, पाहिजे त्या वाढीला R आणि मिळालेल्या वाढीला T, तर क्लोज्ड लूपचं फंक्शन असं येतं:

```
T(s)/R(s) = K / (20s + 1 + K)
```

वेगही वाढतो, २० मिनिटांचा टाइम कॉन्स्टंट गेन ३ ला ५ मिनिटांचा होतो. (हीटर १५०० च्या वर जाऊ शकत नाही म्हणून सुरुवातीला एवढा वेग मिळत नाही, तो भाग नंतर येतो.)

इथं त्या निपाणीच्या पोरानं हात वर केला. पोल म्हणजे या सूत्राचा खालचा भाग शून्य करणारी s ची किंमत, ती शून्याच्या डावीकडं असली की सिस्टिम स्टेबल, हे त्यांना माहीत होतं. म्हणाला, "सर, पोल तर उणे (१ अधिक K) भागिले २० वर आहे की. K वाढवला तर तो आणखी डावीकडं जायलाय. मग पुढच्या स्लाइडवर गेन वाढवला की अनस्टेबल होतं म्हणून लिहिलंय ते कुठनं वो होतंय?"

खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. कारण तो शंभर टक्के बरोबर होता. स्लाइडवरचा थर्मोस्टॅट एकाच लॅगचा आहे, म्हणजे त्यात फक्त खोलीचाच सावकाशपणा धरलाय, आणि एका लॅगची सिस्टिम गेन कितीही वाढवा, अनस्टेबल होतच नाही. दोन लॅग घेतले तरी नाही, हेलकावे येतील पण ते विरतील. म्हणजे तीन स्लाइड ज्या खोलीवर उभ्या केल्या, तिसरी स्लाइड त्या खोलीला लागूच होत नाही, आणि पोरं ते पाठ करून पेपरात लिहून येतात. "मग अजून लॅग कुठं कुठं असंल?" मी उलट विचारलं. थोडा वेळ शांतता, मग चंदगडची एक मुलगी म्हणाली, "हीटर लगेच गरम हुईत नाही सर." दुसरा म्हणाला, "आणि थर्मामीटर पण लगेच दाखवंना."

झालं, हेच पाहिजे होतं. हीटरची कॉइल, जाळी तापून हवा मिसळायला २ मिनिटं धरू, सेन्सरला १ मिनिट. आता लूपमध्ये तीन लॅग झाले आणि सूत्राचा खालचा भाग असा:

```
(20s+1)(2s+1)(s+1) + K
= 40s^3 + 62s^2 + 23s + (1+K)
```

स्टेबल आहे का हे तपासायचा राऊथचा नियम तीन घाताला सोपा आहे, सगळे सहगुणक धन पाहिजेत आणि मधल्या दोघांचा गुणाकार टोकाच्या दोघांच्या गुणाकारापेक्षा मोठा पाहिजे. ६२ गुणिले २३ म्हणजे १४२६, आणि ते ४० गुणिले (१ अधिक K) पेक्षा मोठं पाहिजे. K ची हद्द ३४.६ च्या आसपास येते. त्या हद्दीवर खोली साधारण ८ मिनिटांच्या चक्रात वर-खाली होत राहील. असं का, तर एक लॅग सिग्नलला जास्तीत जास्त ९० अंश मागं टाकतो, दोन मिळून १८० च्या जवळ जातात पण पोचत नाहीत, तीन मात्र १८० ओलांडतात, आणि १८० अंश मागं म्हणजे जी उष्णता थंडी भरून काढायला पाठवली ती खोली आधीच तापल्यावर येऊन पोचते. तेवढ्यात गेनही पुरेसा मोठा असला की प्रत्येक फेरीत हेलकावा वाढतच जातो.

मग मी फक्त सेन्सर बदलायला सांगितला. समजा तो प्लास्टिकच्या बंद डबीत बसवलाय आणि त्याचा लॅग १ च्या जागी ५ मिनिटं झाला. पोरांनीच केलं:

```
200s^3 + 150s^2 + 27s + (1+K)
```

१५० गुणिले २७, भागिले २००, वजा १. हद्द १९.२५. म्हणजे गेन २५ असलेला थर्मोस्टॅट उघड्या सेन्सरला स्टेबल आणि डबीतल्या सेन्सरला अनस्टेबल! खोली तीच, हीटर तोच, कंट्रोलरच्या नॉबला कुणी हात लावला नाही. हे फळ्यावर आल्यावर वर्गात जी कुजबुज झाली ती मी विसरणार नाही, कारण तोवर सेन्सर म्हणजे नुसतं बघणारा, त्याचा काय संबंध, असंच सगळ्यांना वाटत होतं.

निपाणीवाला मात्र अजून समाधानी नव्हता. "पण सर, अनस्टेबल म्हणजे तापमान वाढत वाढत अनंताला जातंय म्हणून लिहिलंय. खोली काय अशी पेटत नाही की." हा प्रश्न पहिल्यापेक्षाही चांगला. उत्तर हीटरमध्ये आहे. हीटर शून्याच्या खाली जात नाही आणि १५०० च्या वर जात नाही. गेन २५ म्हणजे दर डिग्रीला २५०० वॅट, म्हणजे चूक ०.६ डिग्री झाली की हीटर फुल्ल, त्यापुढं चूक कितीही वाढली तरी त्याच्याकडं द्यायला काही नाही. त्यामुळं हेलकावा एका मापापर्यंत वाढतो आणि तिथं अडकून तसाच चालू राहतो. गणितातलं अनंत प्रत्यक्षात असं दिसतं, न थांबणारं वर-खाली. आणि बाजारातला चालू-बंद थर्मोस्टॅट तर गेन जवळजवळ अनंत असल्यासारखाच, थोडं कमी झालं की पूर्ण चालू, थोडं जास्त झालं की पूर्ण बंद, म्हणून तो कायम हेलकावतोच, ती त्याची नेहमीची चाल आहे.

हे बघायलाच आम्ही त्या खोलीत गेलो. डब्ल्यू १२०९ नावाचं ते स्वस्त थर्मोस्टॅट मॉड्यूल, २७ ला बंद आणि २६ ला चालू असं सेट केलेलं. त्याच्या छोट्या रिलेवर १५०० वॅट थेट लावायचे नाहीत, करंट साडेसहा अँपियर होतो, मधे मोठा करंट पेलणारा कॉन्टॅक्टर पाहिजेच, हे मी दर वेळी दारातच सांगतो. खोलीच्या मध्यात वेगळा थर्मामीटर टांगला. सेन्सर उघडा असताना खोली पावणेदोन डिग्रीच्या पट्ट्यात फिरत होती, एक चक्र सोळा-सतरा मिनिटांचं, आणि मॉड्यूलचा डिस्प्लेही जवळजवळ तेवढंच दाखवत होता. मग चंदगडच्या त्या मुलीनं आपला हातरुमाल काढून सेन्सरला घट्ट गुंडाळला.

चक्र सव्वीस-सत्तावीस मिनिटांवर गेलं, खोलीचा पट्टा तीन डिग्रीच्या वर. आणि खरी गोष्ट इथं आहे, डिस्प्ले मात्र दोनच डिग्रीचा पट्टा दाखवत होता. सावकाश सेन्सर हेलकावा वाढवतो आणि वर तोच हेलकावा दाबून दाखवतो. नुसता डिस्प्ले बघणाऱ्याला कंट्रोल ठीकठाक वाटणार आणि खोलीत बसलेला माणूस म्हणणार की कधी उकडतंय कधी गारठतंय, आणि दोघं आपापल्या जागी खरं बोलतायत. म्हणून कुठल्याही तक्रारीत आधी कंट्रोलरच्या सेन्सरशी संबंध नसलेला दुसरा थर्मामीटर लावायचा, आणि चक्र किती मिनिटांचं आहे ते घड्याळावर मोजायचं. चक्र लांबलं असेल तर लूपमध्ये कुठंतरी लॅग वाढलाय, सेन्सरवर धूळ, डबी, भिंतीत पुरलेला सेन्सर, यातलं काहीतरी.

जाता जाता खानापूरच्या पोरानं विचारलं, "मग सेन्सर हीटरच्या पुढ्यातच ठेवू की सर, लॅग कमी हुईल." ठेवून बघितला. हीटर भराभर चालू-बंद व्हायला लागला, डिस्प्लेवर छान २६-२७, आणि खोलीतला थर्मामीटर खाली यायला लागला. लूप आपल्या परीनं ठीक, पण आता तो खोलीचं नाही, हीटरसमोरच्या हातभर हवेचं तापमान सांभाळत होता. स्लाइडमध्ये मी त्याच दुपारी दोन चौकोन वाढवले, हीटर आणि सेन्सर, प्रत्येकात आपापली मिनिटं लिहून, आणि सेन्सरच्या चौकोनातून निघणारी रेघ खोलीच्या तापमानापासून वेगळ्या रंगात काढली.