सरकारी क्लाउडवर पोर्टल हलवलं आणि ओटीपी अडकला

एका विभागाचं अर्ज भरायचं पोर्टल कमर्शियल क्लाउडवरून सरकारी कम्युनिटी क्लाउडवर न्यायचं काम आमच्याकडे आलं. व्हीएम, डिस्क, डेटाबेस सगळं व्यवस्थित मिळालं. जीव काढला तो फायरवॉलच्या फॉर्मने.

कमर्शियल क्लाउडवर सर्व्हरवरून बाहेर जाणारं ट्रॅफिक बहुतेक वेळा मोकळंच असतं, त्यामुळे त्याचा विचारही डोक्यात येत नाही. इथे मात्र प्रत्येक पत्त्याची परवानगी लागते, सोर्स आयपी, डेस्टिनेशन आयपी, पोर्ट, कारण, आणि वर सही. ते मला पटतं, कारण शेजारी दुसऱ्या विभागांचे सर्व्हर असतात, एकाच्या मशीनमध्ये कुणी घुसलं तर बाकीचेही धोक्यात. पण आमचा एसएमएस गेटवे डोमेन नावावर चालतो, मागचे आयपी बदलत राहतात, आणि फॉर्मला हवा ठरलेला आयपी. तपासणारे साहेब म्हणाले, आत्ता जो दिसतोय तो लिहा. लिहिला! मग काय, काहींना ओटीपी जातोय, काहींना नाही, आणि परत विचारलं की उत्तर एकच, "पोर्ट ओपन आहे, तुमच्या ॲपमध्ये बघा."

शेवटी सर्व्हरवरच हे काही वेळ पुन्हा पुन्हा चालवलं (डोमेन आपलं घालायचं):

```
dig +short sms.example.com
nc -vz -w 5 sms.example.com 443
```

आयपी मंजूर यादीतला आला की लगेच कनेक्ट, दुसरा आला की टाइमआउट. Connection refused आलं असतं तर बहुधा पलीकडे सर्व्हिसच बंद आहे असं समजलो असतो, टाइमआउट म्हणजे मधेच कुणीतरी गुपचूप पॅकेट टाकून देतंय. हे आउटपुट वेळेसकट जोडलं तेव्हा कुठे फाइल हलली, आणि डोमेन नावाने परवानगी देणारा प्रॉक्सी मिळाला. फॉर्म भरायच्या आधीच विचारा की असा प्रॉक्सी आहे का, नसेल तर गेटवेवाल्यांकडून फिक्स आयपी रेंज लेखी घ्या. आणि त्यांनाही तुमचा आयपी लागतो, तिथे व्हीएमचा आतला आयपी देऊन उपयोग नाही, नॅटनंतर बाहेर दिसतो तो द्यायचा.

एवढं होऊनही अर्जदारांची माहिती मी इथेच ठेवेन, कारण दुसऱ्या विभागाच्या रेकॉर्डशी पडताळणी आतल्या नेटवर्कवरूनच होते, लोड वर्षभर साधारण सारखा असतो आणि वापरावर वाढत जाणारं बिल विभागाच्या ठरलेल्या बजेटमध्ये बसवणं हा वेगळाच ताप. पण निकालाच्या दिवशी एका तासात सगळे तुटून पडतात, त्याचं पान मात्र मी कमर्शियल क्लाउडवरच ठेवा म्हणालो, कारण इथे जास्तीचं व्हीएम हवं तर परत फॉर्म, आणि तो मंजूर होईपर्यंत गर्दी ओसरलेली असते.

अरे हो, ओएसचे अपडेटही याच बंद दारातून यायचे असतात, तेव्हा आतल्या रेपॉझिटरीचा पत्ता व्हीएमसोबतच मागून घ्या.