आमची वाटचाल : पावसाचं पाणी जिथे पोचत नाही

धाकट्या भावाने आणि मी मिळून छपरावर सोलर बसवण्याचं काम सुरू केलं, तेव्हा आमची पहिली सहा वर्षं समुद्रापासून लांबच्या कामांत गेली. शाळा, गोदामं, घरं. साहित्याची आमची यादी ठरलेली होती. पॅनलला अॅनोडाइझ केलेल्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, खाली जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या पोलादाचे पाय आणि नट-बोल्ट जस्ताचा चकचकीत मुलामा असलेले. त्या यादीने आम्हाला कधी दगा दिला नव्हता, म्हणून सातव्या वर्षी किनाऱ्यावरच्या एका अतिथीगृहाचं काम मिळालं तेव्हा तीच यादी उचलून आम्ही तिकडे गेलो. चोवीस पॅनल, एकापुढे एक जोडलेल्या बारा-बाराच्या दोन माळा. गच्चीपासून लाटा फुटतात ती जागा जेमतेम दोनशे मीटर.

दोन वर्षं सगळं ठीक चाललं. मग मालकांचा फोन आला, “दादा, सकाळी इन्व्हर्टर चालूच होत नाही. दहा-साडेदहाला आपोआप सुरू होतो.” इन्व्हर्टरच्या पडद्यावर इन्शुलेशन कमी असल्याचा इशारा येत होता. आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा दुपारी. इन्शुलेशन मोजायचा मेगर लावला तर आकडे छान, कुठेही दोष नाही. मालकांना काय सांगावं ते कळेना. आता वाटतं, “दहानंतर सुरू होतो” या त्यांच्या शब्दांतच उत्तर होतं. आम्ही ते नीट ऐकलं नाही.

तिसऱ्या वेळी भाऊ म्हणाला, आपण दव असतानाच जाऊ. पहाटे अंधारात गच्चीवर चढलो. पॅनलवर आणि वायरींवर दवाचे थेंब होते. ही वेळ दुसऱ्या कारणानेही चांगली होती, कारण उजेड नसताना माळेत व्होल्टेज नसल्यासारखंच असतं. तरीही माळ इन्व्हर्टरपासून तोडणारा स्विच, म्हणजे डीसी आयसोलेटर, बंद करूनच सुरुवात केली. माळ चालू असताना कनेक्टर ओढला तर डीसीची ठिणगी पडते आणि ती सहज विझत नाही. पहिली माळ मेगरला चांगली निघाली. दुसरीचा आकडा ०.२ मेगाओहम आला. तो निदान १ च्या वर हवा आणि निरोगी माळेत त्याच्या कितीतरी पट येतो. मग पॅनल आणि गच्चीवरून खाली जाणाऱ्या केबली वेगळ्या करून तपासल्या. पॅनल ठीक होते. दोष धन बाजूच्या केबलच्या टोकाला होता, जिथे ती पहिल्या पॅनलला जोडली होती. तो जोड पट्टीच्या खाचेत पडलेला आणि दवाने ओला होता.

जोड उघडला तेव्हा आत हिरवट पूड दिसली. संपर्काच्या पिनेवरचा कथिलाचा थर एका बाजूने गेला होता आणि खालचं तांबं खाल्लं गेलं होतं. बाहेरून कनेक्टर नवाकोरा दिसत होता.

मीठ आत गेलं कसं, हे शोधायला मी जुनी कामाची डायरी काढली. इन्व्हर्टर चार दिवस उशिरा आला होता. तोवर आम्ही केबली ओढून, टोकांना कनेक्टर लावून, तशाच उघड्या गच्चीवर ठेवल्या होत्या. कनेक्टरवर पाण्यापासून संरक्षणाचा जो दर्जा लिहिलेला असतो, तो दोन भाग जोडल्यावरच लागू होतो. उघडं तोंड म्हणजे वाऱ्यातला खारा तुषार टिपणारी कुपीच. चार दिवस मीठ आत बसलं आणि पाचव्या दिवशी आम्ही ते स्वतःच्या हाताने आत कोंडलं. त्यात पॅनलचा कनेक्टर एका कंपनीचा आणि आमचा दुसऱ्या कंपनीचा. दोन्ही ‘टक’ आवाज करून बसले होते, पण बसणं वेगळं आणि रबराची कडी सारखी दाबली जाणं वेगळं.

दुपारी दोष का सापडत नव्हता, तेही तेव्हा नीट समजलं. साधं मीठ हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर तेहतीस-एक टक्क्यांनाच पाणी धरायला लागतं. त्यामुळे किनाऱ्यावर धातू हाताला कोरडा लागला तरी मिठाखाली बहुतेक वेळ ओलाच असतो. पहाटे दव पडलं की त्या पाण्यातून वीज गळण्याइतकी वाट तयार होते. ऊन चढलं की ती वाट तुटते, आकडा सुधारतो आणि इन्व्हर्टर चालू होतो. गंजाचं काम मात्र चालूच राहतं.

कनेक्टर बदलायला भाऊ पॅनलखाली आडवा झाला आणि तिथूनच त्याने मला हाक मारली. वरून पाहिल्यावर क्लॅम्पचे बोल्ट थोडे मळकट, इतकंच. खाली पट्टी आणि पाय जोडणारे बोल्ट लाल झाले होते. एका नटला पाना लावला तर त्याच्या कडाच गोल झाल्या. एकाच डब्यातले, एकाच दिवशी लावलेले बोल्ट. फरक एवढाच की वरच्यांना पाऊस धुतो. पॅनलच्या सावलीत वारा मीठ आणून ठेवतो, पाऊस तिथे पोचत नाही आणि ऊन नसल्यामुळे ओलही लवकर जात नाही. त्या दिवसापासून किनाऱ्यावरची कुठलीही उभारणी मी आधी खालून बघतो.

बोल्टचं गणित त्या रात्री मांडलं. आयएसओ ९२२३ या मानकात हवेचे गंजाच्या दृष्टीने वर्ग केलेले आहेत. त्यातल्या सी५ या, आमच्या गच्चीसारख्या खूप गंजवणाऱ्या हवेच्या वर्गात पहिल्या वर्षी जस्ताचा सुमारे ४.२ ते ८.४ मायक्रॉन थर जातो. आमच्या चकचकीत बोल्टांवर विजेने चढवलेलं जस्त होतं. असा थर साधारण ५ ते १२ मायक्रॉनचा असतो. म्हणजे एक-दोन वर्षांत तो संपणारच होता. आम्ही दोन वर्षांनी गेलो आणि लाल गंज बघितला, यात नवल काही नव्हतं. जीआयचे पाय मात्र वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले होते. तीन ते सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादावर या पद्धतीने सरासरी ७० मायक्रॉन थर अपेक्षित असतो. त्याच हवेत तो आठ-दहा वर्षं किंवा जास्त पुरतो. ‘जस्ताचा मुलामा’ हे दोन्हींचं एकच नाव, पण जाडीत सात-आठ पटींचा फरक. मुलाम्याची जाडी मोजणारं छोटं यंत्र आम्ही त्यानंतर घेतलं आणि आता पायांचा माल उतरवून घेताना चार ठिकाणी मोजतो. जिथे कापतो किंवा भोक पाडतो तिथे तो थर जातोच. त्या कडा घासून त्यांवर जस्ताचं प्रमाण भरपूर असलेला रंग दोन हात देतो. तो मूळ थराची बरोबरी करत नाही, म्हणून शक्य तितकी भोकं जस्तात बुडवण्याआधीच पाडून घेतो.

सगळे बोल्ट बदलायचे ठरवलं तेव्हा पहिला विचार साध्या स्टेनलेसचा आला, म्हणजे ३०४. बोल्टच्या डोक्यावर त्याची खूण ए२ असते. ३१६ ची खूण ए४. फरक मुख्यतः दोन-तीन टक्के मॉलिब्डेनमचा आहे, पण मीठ असलेल्या जागी तोच कामाला येतो. स्टेनलेसवरचा पातळ संरक्षक पापुद्रा क्लोराइड ठिकठिकाणी फोडतं, विशेषतः वायसरखाली आणि आट्यांमध्ये, जिथे हवा खेळत नाही. मॉलिब्डेनम असेल तर हे फुटणं पुष्कळ लांबतं. आम्ही ए४ घेतले. चुंबक लावून ए२ आणि ए४ ओळखता येत नाहीत. थंड अवस्थेत ठोकून घडवलेला बोल्ट दोन्हींतला कुठलाही असला तरी थोडा चिकटू शकतो. डोक्यावरची खूण वाचतो आणि शंका आली तर मॉलिब्डेनम तपासण्याचा थेंब टाकून बघतो.

स्टेनलेसचा बोल्ट अॅल्युमिनियमच्या पट्टीत लावला तर दोन धातूंची जोडी होते आणि झीज अॅल्युमिनियमची होते. तरीही ही जोडी चालते, कारण बोल्ट छोटा आणि पट्टी मोठी असल्याने झीज मोठ्या क्षेत्रावर पसरते. उलट केलं, म्हणजे स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्याला अॅल्युमिनियमचा रिव्हेट मारला, तर तो रिव्हेट लवकर जातो. एवढ्या जवळच्या किनाऱ्यावर आम्ही पट्टी आणि जीआयचा पाय यांच्यामध्ये इपीडीएम रबराची पातळ गादी घालतो, म्हणजे सांध्यात खारं पाणी दोन धातूंना एकदम शिवत नाही. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर वेगाने फिरवला तर आटे एकमेकांत रुतून जाम होतात. म्हणून आट्यांना योग्य वंगण लावून हाताने, टॉर्क पान्याने आवळतो. वंगणामुळे आवळण कमी बलात जास्त बसते, म्हणून टॉर्कचा आकडा वंगण धरून दिलेलाच वापरायचा.

अर्थिंगमध्येही आमची चूक निघाली. उघडी तांब्याची तार आम्ही पॅनलच्या चौकटीला थेट बांधली होती. तारेखाली पांढरी पूड आणि नखभर खड्डा पडला होता. आता तिथे कथिलाचा मुलामा असलेला लग आणि मध्ये स्टेनलेसचा वायसर असतो. तांब्यावरून ओघळणारं पाणी अॅल्युमिनियमवर किंवा जस्तावर पडणार नाही, अशी तारेची वाट ठरवतो.

तेव्हापासून किनाऱ्यावरच्या कामात कनेक्टर शेवटी लावतो. आधी लावणं भागच असेल तर त्याच कंपनीची टोपी घालूनच ठेवतो. दोन्ही अर्धे एकाच कंपनीचे घेतो. जोड खाचेत पडू देत नाही, पट्टीला क्लिपने टांगतो. पॅनल खाऱ्या तुषाराच्या आयईसी ६१७०१ चाचणीत उतरला आहे का ते विचारतो. ती चाचणी पॅनलपुरती आहे, आपल्या बोल्टांबद्दल ती काही सांगत नाही, हे ग्राहकालाही स्पष्ट सांगतो.

त्या अतिथीगृहाची पाहणी आम्ही अजून दरवर्षी पहाटेच करतो. मागच्या खेपेला दुसऱ्या माळेचा आकडा पहिलीइतकाच आला. पॅनलखालच्या ए४ बोल्टांवर चहासारखा तपकिरी डाग होता. गोड्या पाण्याने आणि फडक्याने तो निघाला, खाली खड्डे नव्हते. दोन पट्ट्यांच्या कापलेल्या टोकांना, जिथे अॅनोडाइझचा थर उरलेला नाही, पांढरे ठिपके दिसले. ती टोकं घासून बंद केली आणि पुढच्या पाहणीच्या यादीत वर लिहून ठेवली.