वीस सेंटिमीटरचा दोरा

ग्लोब घरात आला त्या दिवशी आईने पहिली गोष्ट केली ती म्हणजे तो सरळ करण्याचा प्रयत्न. "अरे, वाकडा बसवलाय की, बदलून आण." भाचेसाहेबांनी तिच्या हातून तो काढून घेतला आणि खोक्यावरचं वाचून दाखवलं की साडेतेवीस अंश वाकडाच असतो, पृथ्वीच तशी आहे. आईने "बरं बाबा" म्हटलं आणि वाटाणे सोलायला घेतले. पण नंतरही पुसताना ती तो एकदा हळूच सरळ करून बघते, हे मी पाहिलंय.

भाचा आठ वर्षांचा आहे, तिसरीत. आमच्या वेळी तिसरीला जिल्हा, चौथीला महाराष्ट्र अशी पायरी-पायरीने पृथ्वी मिळायची. याला मी एकदम अख्खी दिली, त्याला कारण आदल्या वाढदिवसाचं नकाशाचं कोडं. भारताच्या राज्यांचे लाकडी तुकडे. चार दिवसांत तो ते डोळे मिटल्यासारखं लावायला लागला आणि मी खूश. मग एकदा पेपरात छापलेला भारताचा नकाशा समोर धरला आणि विचारलं, गुजरात कुठाय? तो गोंधळला. त्याच्या लेखी गुजरात म्हणजे पिवळा तुकडा होता, आणि पेपरातलं सगळंच काळं-पांढरं. तो राज्य शिकलाच नव्हता, खाच शिकला होता. गोव्याचा तुकडा तर पहिल्याच आठवड्यात पलंगाखाली गेला तो गेलाच, तेव्हापासून आमच्या भारताला रत्नागिरीच्या खाली एक भोक आहे.

तर या वेळी ग्लोब. दुकानात बोलणारा ग्लोबही होता, पेन टेकवलं की देशाचं नाव, राजधानी आणि राष्ट्रगीत. तो मी घेतला नाही. प्रश्न पडायच्या आतच उत्तर देणाऱ्या वस्तूंचा मला राग आहे. टेबलावर ठेवायचा चार इंची गोळाही नको म्हटलं, त्यात महाराष्ट्र नखाएवढासुद्धा भरत नाही. आठ इंची घेतला, म्हणजे साधारण वीस सेंटिमीटर व्यासाचा. त्यावर महाराष्ट्र पूर्व-पश्चिम जेमतेम सव्वा सेंटिमीटर आहे आणि 'मुंबई' हे नाव जागा नसल्यामुळे अरबी समुद्रात छापलंय. पुणे नाहीच. हा धक्का त्याला पचायला दोन दिवस लागले.

स्वस्त ग्लोब दोन अर्धगोल जोडून करतात, आणि सांधा बरोबर विषुववृत्तावर येतो. घेताना तेवढा सांधा बघून घ्यावा हे मला नंतर कळलं. आमच्याकडे बोर्निओ बेटाची वरची आणि खालची बाजू एकमेकींपासून दोन मिलिमीटर सरकलेली आहे. "मामा, इथे भूकंप झालाय," असं निदान झालं. दोन मिलिमीटर म्हणजे किती, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

ते कळलं न्यू जर्सीच्या काकामुळे. काका दिवाळीला येणार होता. भाच्याच्या खोलीत भिंतीवर जगाचा प्लॅस्टिकचा मोठा नकाशा आहे, त्यावर त्याने फूटपट्टी ठेवून न्यूयॉर्क ते मुंबई पेन्सिलने रेघ मारली होती. ती रेघ अटलांटिक ओलांडून मोरोक्को, अल्जेरिया, लिबिया, इजिप्त, अरबस्तान अशी सरळ येत होती. व्हिडिओ कॉलवर काकाला विचारलं, "वाळवंट दिसतं का रे खाली?" काका म्हणाला, "वाळवंट कसलं, गेल्या खेपेला बर्फ दिसला होता." भाच्याने फोन माझ्या हातात दिला आणि नकाशापाशी जाऊन उभा राहिला. काका खोटं बोलत होता, नाहीतर भिंत खोटं बोलत होती.

मी म्हटलं, दोरा आण. त्याने आजीची लोकर आणली, ती ताणली की लांबते. मोजलं तर एकदा अठरा आलं, एकदा एकोणीस. मग शिवणाचा दोरा घेतला. ग्लोबची धातूची कमान मधे येते म्हणून गोळा असा फिरवला की ती पॅसिफिकवर जाईल. एक टोक त्याने मुंबईवर बोटाने दाबलं, दुसरं मी न्यूयॉर्कवर. आधी त्याच्या पेन्सिलच्या रेघेवरच्या जागा एकेक करून दोरा मांडला, मोरोक्कोपासून अरबस्तानापर्यंत. फूटपट्टीवर मोजला तर बावीस सेंटिमीटर आणि वर सात मिलिमीटर. मग म्हटलं, आता टोक न सोडता हळूहळू ओढून ताणू या.

दोरा आपणहून वर सरकला. आफ्रिकेवरून निघाला, भूमध्य समुद्र सोडला, युरोपवर चढला आणि एका ठिकाणी जाऊन ताठ बसला. आता तो सौराष्ट्र, सिंध, अफगाणिस्तान, मग थेट मॉस्को, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून कॅनडात आणि तिथून खाली न्यूयॉर्कला जात होता. मोजला: बरोबर वीस सेंटिमीटर. गोलावर दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट अशीच निघते, तिला पुस्तकात बृहद्‌वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे त्याचंच एक उदाहरण, पण बृहद्‌वृत्त कुठूनही, कसंही तिरपं जाऊ शकतं. हे मी सांगितलं नाही. आठ वर्षांच्या मुलाला शब्द नको होता, दोरा पुरेसा होता.

त्याला किलोमीटर मात्र हवे होते. मग दोरा ग्लोबच्या पोटाभोवती, विषुववृत्तावरून गुंडाळला. चौसष्ट सेंटिमीटर भरला. खऱ्या पृथ्वीचा तो घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. भागाकार मी केला: एका सेंटिमीटरला ६२५ किलोमीटर. गुणाकार त्याने केला: वीस सेंटिमीटर म्हणजे १२,५००. भिंतीवरची वाट १४,००० च्या वर जात होती. फूटपट्टीने सरळ मारलेली रेघ ताणलेल्या दोऱ्यापेक्षा लांब निघाली, हे त्याला अजून पूर्ण पटलेलं नाही. जाता जाता बोर्निओचाही हिशोब झाला. दोन मिलिमीटर म्हणजे सव्वाशे किलोमीटर. एवढा भूकंप झाला असता तर आपल्याला कळलं असतं, असं तो म्हणाला.

मग भिंत का खोटं बोलते? हा प्रश्न रात्री जेवताना आला आणि मला उठून बटर पेपर आणावा लागला. ग्लोबवरचं ग्रीनलंड त्यावर गिरवलं, कापलं आणि ग्लोबवरच्या भारतावर ठेवलं. भारत चहूबाजूंनी बाहेर राहिला, नुसता बाहेर नाही, चांगला दीडपट. भिंतीवर तेच ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर आफ्रिकेत अशी चौदा ग्रीनलंडं मावतील. त्याचं कारण ग्लोबवर बोट फिरवलं की दिसतं. रेखावृत्तं उत्तरेकडे जाताना एकमेकींजवळ येतात आणि ध्रुवावर सगळ्यांची गाठ पडते. भिंतीवर मात्र ती शेवटपर्यंत समांतर उभी आहेत, खिडकीच्या गजांसारखी. म्हणजे जो भाग निमुळता व्हायला हवा तो ओढून रुंद केलाय, आणि आकार बिघडू नये म्हणून तेवढाच उंचही. साठ अंश उत्तरेला सगळं दुप्पट होतं, त्याच्या वर आणखी.

हे करणारा मर्केटर काही लबाड नव्हता. १५६९ मध्ये त्याने तो नकाशा दर्यावर्दींसाठी काढला. त्यावर फूटपट्टीने मारलेली रेघ म्हणजे होकायंत्राची एकच दिशा. ती धरून ठेवली की गलबत ठरल्या बंदराला पोचतं, लांबून का होईना. खलाशाला जवळची वाट नको असते, न चुकणारी हवी असते. भाच्याची पेन्सिलची रेघ जहाजासाठी अगदी योग्य होती. मधे आफ्रिका आहे एवढीच अडचण.

ॲटलास आला तो यानंतर, आणि तोही मागून. दोऱ्याखाली कोणकोणती गावं येतात ते बघायचं होतं आणि वीस सेंटिमीटरच्या गोळ्यावर गावं कुठून असणार? माझा जुना शाळेचा नकाशासंग्रह माळ्यावरून काढला. त्याच्या मागची सूची, नाव, पान, आणि चौकटीचं अक्षर-आकडा, हे प्रकरण त्याला ग्लोबपेक्षाही आवडलं. तासभर तो नॉर्वेतलं ट्रॉनहेम शोधत होता. सापडलं तेव्हा ओरडला की आजी दचकली. मग त्याने सूचीत आमचं गाव शोधलं, ते नव्हतं. मग माझ्या आजोळचं, तेही नव्हतं. शेवटी दोन्ही गावं त्याने पेनने, आपापल्या जागी, स्वतःच लिहून टाकली. माझ्या त्या ॲटलासात सोव्हिएत संघ अजून शाबूत आहे आणि तेलंगण नाही, हे त्याच्या लक्षात यायचं आहे. आलं की आणखी एक संध्याकाळ जाईल.

काका दिवाळीला आला. जोडे काढायच्या आत त्याला ग्लोबसमोर बसवलं आणि दोरा दाखवला. काका चहा घेत म्हणाला, "बरोबर आहे रे, पण आता असा येत नाही मी." एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, त्यामुळे त्याचं विमान सिंधवरून येऊच शकत नव्हतं, समुद्रावरून वळसा घेऊन आलं. शिवाय वारा कसा आहे त्यावरही वाट रोज थोडी बदलते, असं काकाने सांगितलं. भाच्याचा चेहरा पडला. आपला दोरा चुकला असं त्याला वाटलं असावं.

मग तो आजीच्या डब्यातून टाचणी घेऊन आला. ग्लोबला भोक पाडायला मी मनाई केली, तेव्हा त्याने काकाचं बोट मागितलं. ते मस्कतवर दाबून ठेवायला लावलं आणि दोरा मुंबईहून आधी मस्कतच्या बोटाला वळसा घालून मग न्यूयॉर्ककडे ताणला. ही काकाच्या विमानाची खरीखुरी वाट नव्हे, पण पाकिस्तान टाळायची एक वाट नक्कीच. मोजताना सगळे वाकून बघत होतो, आईसुद्धा.

"वीस आणि सहा मिलिमीटर," तो म्हणाला.

काकाने डोक्यात हिशोब केला. पावणेचारशे किलोमीटर.

"सहा मिलिमीटरसाठी एवढं भांडण?" आईने विचारलं, आणि जाता जाता ग्लोब सरळ केला.