नव्या वर्षाचा राम राम, रावेरच्या आपल्या केळी पॅकिंगच्या मंडळींना

आज १ जानेवारी. जूनच्या वादळाने बागा आडव्या केल्या, पावसाळ्यात सीएमव्हीने रोपं उपटायला लावली, तरी तुम्ही पेटी भरणं थांबवलं नाही. भाऊ आणि ताई, या कष्टांची मनापासून जाण आहे.

आता थंडीचं. आज सकाळी काळपट सालीच्या फण्या निघाल्या आणि सगळ्यांनी चिकाला दोष दिला. चिकाचा डाग ओघळासारखा खाली उतरतो, पण वरच्या वरच राहतो. चाकूने साल हलकीशी खरवडा. आत तपकिरी रेषा दिसल्या तर ती थंडीची इजा. आजच्या फण्यांत रेषाच होत्या.

१३ अंशांखाली केळीला इजा होते, आणि आपल्याकडे या दिवसांत रात्री बागेतच पारा त्याखाली जातो. म्हणजे दोष दर वेळी कोल्ड रूमचा नसतो. अशी फणी पिकली तरी पिवळीधमक होत नाही, मळकटच राहते. म्हणून ती निर्यातीच्या पेटीत नको, बाजूला काढा.

कापणीवाल्यांनी घडाला स्कर्टिंग बॅग होती का, ते बागेतच बघून सांगावं. उघडे घड वेगळ्या क्रेटमध्ये आणा. कोल्ड रूमवाल्यांनी पारा १३ ते १४ च्या मध्येच ठेवावा. लवकर गार व्हावं म्हणून कमी करू नये. तुरटीचं पाणी गढूळ झालं की लगेच बदला, नाहीतर धुतलेल्या फणीवर चीक पुन्हा बसतो.

उद्या सकाळी शेडमध्ये पहिली फणी सगळ्यांसमोर खरवडून बघू. चाकू धुवून आणा.